लेक्चरच्या नोट्स: हाताने की टाइप करून, आणि पुढच्या चोवीस तासांत त्यांचं काय करायचं

नोट्स वहीत घ्यायच्या की लॅपटॉपवर, हा प्रश्न बहुतेक जण वर्षाच्या सुरुवातीला एकदा सोडवतात आणि तेच उत्तर सगळ्या विषयांना लावून टाकतात. गडबड तिथेच होते. गणिताच्या तासाला लॅपटॉप उघडून बसलेला विद्यार्थी फळ्यावरची आकृती कशी टाइप करायची या विवंचनेत दोन पायऱ्या हुकवतो. कायद्याच्या तासाला वही घेऊन बसलेल्याचा हात तिसऱ्या कलमालाच भरून येतो. म्हणून हा निर्णय विषयागणिक घ्यायचा असतो. आणि तो घेताना आणखी एक गोष्ट आधीच ठरवावी लागते: वर्गात उतरवलेल्या मजकुरावर त्याच दिवशी आपण पुन्हा बसणार आहोत की नाही. ते ठरलं की वर्गात काय लिहायचं आणि काय सोडायचं, हेही बरंच सोपं होतं.

आधी हिशेब वेगाचा

शिकवणारी व्यक्ती मिनिटाला साधारण १०० ते १५० शब्द बोलते. हाताने लिहिणारा मिनिटाला २५-३० शब्दांच्या फारसा पुढे जात नाही. टायपिंगचा चांगला सराव असेल, तर ४०-५० शब्द होतात. म्हणजे शब्दन् शब्द दोघांनाही उतरवता येत नाही. फरक एवढाच की हाताने लिहिणाऱ्याला ते पहिल्या पाच मिनिटांत कळतं आणि तो निवडायला लागतो. टाइप करणाऱ्याला वाटत राहतं की अजून थोडं जोर लावला तर सगळं येईल. मग तो ऐकलेलं वाक्य समजून न घेताच बोटांवाटे खाली उतरवतो.

पॅम म्युलर आणि डॅनियल ओपनहायमर यांचा २०१४ सालचा अभ्यास या बाबतीत नेहमी पुढे केला जातो. टाइप करणाऱ्यांच्या नोट्समध्ये शब्द जास्त होते आणि वक्त्याची वाक्यं जशीच्या तशी उतरलेली होती. ‘जसंच्या तसं लिहू नका’ असं आधी सांगूनही ती सवय सुटली नाही. संकल्पनांवरच्या प्रश्नांत हाताने लिहिणारे पुढे राहिले. पुढे २०१९ आणि २०२१ मध्ये इतर संशोधकांनी हेच प्रयोग पुन्हा केले, तेव्हा टाइप करणारे जास्त शब्द लिहितात हे पुन्हा दिसलं, पण हाताने लिहिणाऱ्यांची परीक्षेतली आघाडी तितकी भक्कम निघाली नाही. यातून आम्ही घेतो तो अर्थ साधा आहे. पेनात जादू नाही. वर्गात निवड केली का आणि नंतर त्या मजकुरावर काम झालं का, यावर बरंच अवलंबून असतं. पेनामुळे निवड करणं भाग पडतं, एवढा त्याचा फायदा नवख्या माणसासाठी निश्चित आहे.

कोणत्या तासाला काय

विषयाच्या मागच्या दोन-तीन लेक्चर्सच्या नोट्स समोर ठेवा आणि बघा, पानावर नुसती वाक्यं आहेत की आकृत्या, बाण, सूत्रं, आलेख, रचनासूत्रं आहेत. पानाचा चौथा भाग जरी असा ‘न टाइप होणारा’ असला, तरी तो विषय वहीत घ्या. वर्डमध्ये `Alt + =` दाबून समीकरण लिहिता येतं हे खरं, पण ते घरी, निवांत. शिकवणं चालू असताना एका अपूर्णांकासाठी थांबलात की पुढची ओळ गेली. गणित, भौतिकशास्त्र, सेंद्रिय रसायन, अर्थशास्त्राचा आलेखांचा भाग, शरीररचना, हे सगळे वहीचे विषय.

उलट जिथे शब्द जसेच्या तसे लागतात, तिथे टायपिंग. कायद्यातल्या व्याख्या, खटल्यांची नावं, इतिहासातल्या तारखा आणि घटनाक्रम, प्रोग्रॅमिंगमधले कोडचे तुकडे हे हाताने उतरवताना चुका होतात आणि नंतर शोधताना वही कामाला येत नाही. टायपिंगला मात्र एक अट आहे: कीबोर्डकडे न बघता टाइप करता आलं पाहिजे. खाली बघावं लागत असेल तर फळा दिसत नाही. मराठी आणि इंग्रजी मिसळून लिहिणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी. विंडोजवर भाषा बदलायला प्रत्येक वेळी `Win + Space` दाबावं लागतं आणि जोडाक्षरांपाशी बोटं अडखळतात. देवनागरी टायपिंगचा हात बसलेला नसेल, तर वर्गात एकच लिपी धरा आणि दुसरीतल्या संज्ञा संध्याकाळी भरा.

लॅपटॉप घेतला तर इंटरनेट बंद ठेवा आणि नोट्सची एकच खिडकी पूर्ण पडद्यावर उघडा. याचं कारण फक्त तुमचं लक्ष एवढंच नाही. २०१३ साली फारिया साना आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात, लेक्चर चालू असताना पडद्यावर भलतंच काही करणाऱ्यांचे गुण घटलेच, पण ज्यांना मागच्या बाकावरून तो पडदा दिसत होता त्यांचेही घटले. लॅपटॉप उघडायचाच असेल तर शक्यतो मागच्या रांगेत बसा.

टॅबलेटवर पेनने लिहिणं हे वर्गापुरतं हाताने लिहिणंच आहे. त्यात मजकूर उचलून दुसरीकडे ठेवता येतो, हा संध्याकाळी फार उपयोगाचा गुण. फक्त झूम करून बारीक लिहू नका. पूर्ण पान एका नजरेत दिसलं नाही, तर लेक्चरचा सांगाडा दिसत नाही. आणि ज्यांचा हात दुखतो, ज्यांचं स्वतःचं अक्षर स्वतःलाच दुसऱ्या दिवशी लागत नाही, त्यांनी वरचं सगळं बाजूला ठेवून सरळ टाइप करावं आणि आकृत्यांसाठी शेजारी एक कोरा कागद ठेवावा. आकृतीला क्रमांक द्या आणि तोच क्रमांक फाइलमध्ये त्या जागी टाका: `[आकृती ३]`.

वर्गात: उद्यासाठी जागा सोडून लिहिणं

नोट्स नीट लावायचं काम सोपं होणार की जिवावर येणार, हे वर्गातच ठरतं. वही वापरत असाल तर फक्त उजव्या पानावर लिहा. डावं पान पूर्ण कोरं सोडा. कागद वाया जातो असं वाटेल, पण पुनर्रचनेसाठी वेगळी वही करावी लागत नाही आणि कच्चं-पक्कं समोरासमोर राहतं. उजव्या पानाला डावीकडे तीन बोटांएवढा समास आखा. कॉर्नेल विद्यापीठातले वॉल्टर पॉक यांनी रूढ केलेल्या पद्धतीत हा समास प्रश्नांसाठी असतो आणि पानाच्या तळाशी सारांशाची पट्टी असते. आपण त्यातला समास घेऊ. सारांशाचं काम डावं पान करेल.

पानाच्या डोक्यावर तारीख, विषय, लेक्चरचा क्रमांक आणि पान क्रमांक लिहा. मग तीन खुणा कायमच्या ठरवून टाका. समजलं नाही तिथे समासात `?`. ऐकू आलं नाही किंवा लिहायचं राहिलं, तिथे तीन ओळी कोऱ्या सोडून घड्याळातली वेळ. आणि शिकवणाऱ्यांनी जे दोनदा सांगितलं किंवा फळ्यावर अधोरेखित केलं, तिथे एक चांदणी. चौथी खूण ठेवू नका, गर्दीत कुठली काय ते लक्षात राहत नाही.

वेळ लिहिण्याचा फायदा नंतर कळतो. शेजाऱ्याला ‘ते मधलं काय होतं?’ असं विचारलं तर त्यालाही सांगता येत नाही. ‘१०:४० च्या सुमारास, आलेख काढून झाल्यावर’ म्हटलं की त्याला आपल्या वहीतली जागा सापडते. परवानगी घेऊन रेकॉर्डिंग केलं असेल तर थेट त्या मिनिटाला जाता येतं. रेकॉर्डिंग आहे म्हणून वर्गात स्वस्थ बसणं मात्र महागात पडतं: ५० मिनिटांचं लेक्चर पुन्हा ऐकायला ५० मिनिटंच लागतात, आणि चार लेक्चर्सचे ते तास कुठून आणणार?

लघुरूपं दहा-बाराच ठेवा आणि वहीच्या पहिल्या पानावर त्यांची किल्ली लिहा. ‘म्ह.’, ‘उदा.’, ‘∴’, वाढ-घटीसाठी वर-खाली बाण, एवढ्यात बरंच भागतं. वर्गात ऐनवेळी सुचलेलं लघुरूप दोन दिवसांनी कोडं होऊन बसतं. ‘प्र.’ म्हणजे प्रमाण, प्रकार की प्रयोग?

टाइप करणाऱ्यांनी फाइल आधीच उघडून तिच्यात सांगाडा टाकून ठेवावा:

```
2025-08-14_अर्थशास्त्र_05.docx

प्रश्न:
मुद्दे:
???  = राहिलं / कळलं नाही (वेळ लिहा)
***  = सरांनी जोर दिला
उत्तर (संध्याकाळी):
```

तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने आणि महिना-दिवस दोन-दोन अंकांत लिहिले की फाइल्स आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. `???` हे चिन्ह संध्याकाळी `Ctrl + F` ने एका फटक्यात सगळीकडून सापडतं. आणि स्वतःवर एक बंधन घाला: वक्त्याचं वाक्य पूर्ण होईपर्यंत बोटं उचललेलीच राहू द्या, मग त्याचा अर्थ आपल्या शब्दांत अर्ध्या ओळीत टाइप करा. पहिले दोन दिवस हे फार अवघड जातं. व्याख्या आणि कोड तेवढे याला अपवाद.

चोवीस तासच का

वर्गात उतरवलेला मजकूर हा अर्धाच असतो. उरलेला अर्धा डोक्यात असतो: सर कुठे थांबले, कोणत्या उदाहरणावर हशा पिकला, बाण या दिशेने का काढला. हा डोक्यातला अर्धा भाग फार लवकर विरतो. हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवर केलेल्या प्रयोगांत विसरण्याचा वेग मोजला होता. पाठ केलेली यादी एका दिवसाने पुन्हा पाठ करायला घेतली, तेव्हा पहिल्या खेपेच्या तुलनेत फक्त एक तृतीयांशाच्या आसपास श्रम वाचले. महिन्याने पाहिलं तर पाचव्या हिश्शाएवढे. ते निरर्थक अक्षरगट पाठ करत होते, अर्थपूर्ण मजकूर इतका झपाट्याने जात नाही. तरी त्या आलेखाचा आकार लक्षात ठेवण्यासारखा आहे: सगळ्यात मोठी घसरण पहिल्या काही तासांतच होते आणि पुढे ती मंदावते. म्हणून पहिल्या दिवसातली ५०-६० मिनिटं जे काम करतात, ते रविवारी तीन तास बसूनही होत नाही. रविवारी तुम्ही नोट्स वाचता. त्याच दिवशी बसलात तर लेक्चर आठवत असतं.

हे काम तीन बैठकांत करा: लेक्चर संपल्याबरोबर १० मिनिटं, त्या संध्याकाळी ४० मिनिटं, दुसऱ्या दिवशी सकाळी १० मिनिटं.

पहिली दहा मिनिटं: भोकं बुजवणं

वर्गातून बाहेर पडून कट्ट्यावर बसा किंवा रिकाम्या बाकावर. या वेळी फक्त कोऱ्या सोडलेल्या ओळी भरायच्या. आधी आठवून, नाही आठवलं तर शेजाऱ्याच्या वहीवरून. भरलेला मजकूर वेगळ्या शाईने लिहा, म्हणजे कुठला भाग वर्गातला आणि कुठला मागाहूनचा हे कायम कळेल. शेजाऱ्याकडून घेतलेल्या ओळीपुढे छोटंसं ‘शे.’ लिहा. त्याच्याकडूनही चूक झालेली असू शकते.

`?` च्या खुणांना आता हात लावू नका. त्यांना डोकं शांत लागतं. अक्षर लागत नसलेले शब्द मात्र आत्ताच वर पुन्हा नीट लिहा. संध्याकाळपर्यंत ते तुम्हालाही लागणार नाहीत. फळ्याचा किंवा स्लाइडचा फोटो काढला असेल तर त्याखाली वहीचा पान क्रमांक लिहून ठेवा. गॅलरीत पडून राहिलेल्या शंभर फोटोंचा उपयोग कुणालाच झालेला नाही.

संध्याकाळची चाळीस मिनिटं

‘वही फेअर करणं’ म्हणजे कच्च्या पानावरचा मजकूर त्याच क्रमाने सुवाच्य अक्षरात उतरवून काढणं. तास-दीड तास जातो, पान देखणं होतं आणि डोकं त्यात कुठेच लागत नाही. हे करू नका. क्रम बदलला नाही, एकही ओळ गाळली नाही आणि एकही नवी ओळ लिहिली नाही, तर पुनर्रचना झाली नाही असं समजा. कच्चं टाइप करून काढणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

काम प्रत्यक्षात कसं चालतं ते एका लेक्चरवर पाहू. विषय अर्थशास्त्र, मागणीची लवचिकता. वर्गात उजव्या पानावर हे उतरलं आहे, त्यात P म्हणजे किंमत आणि Q म्हणजे मागणी:

```
मा. लव. = मागणीतला % बदल ÷ किमतीतला % बदल
मीठ, जीवरक्षक औषधं – अलव.
उदा.  Q = 200 − 10P
P=5, Q=150    P=10, Q=100    P=15, Q=50
सरळ रेषा. उतार सारखा, लव. सारखी नाही!  *
वर >1, मध्ये =1, खाली <1                ?
(३ ओळी कोऱ्या)  १०:४०  महसूल ...
```

सुरुवातीला वही मिटून घ्या आणि डाव्या पानावर सगळ्यात वर एकच ओळ लिहा: आजच्या लेक्चरने कोणत्या प्रश्नाचं उत्तर दिलं? लेक्चरचं शीर्षक म्हणजे हा प्रश्न नव्हे. ‘मागणीची लवचिकता’ हे शीर्षक झालं. प्रश्न असा: ‘किंमत वाढवली तर विक्रीचं उत्पन्न वाढेल की घटेल?’ ही ओळ सापडायला पाच मिनिटं लागली तरी लागू द्या. ती सापडली की १०:४० ची ‘महसूल’ ही अर्धवट ओळ एकदम मध्यभागी येते आणि मीठ-औषधांची ओळ उदाहरण म्हणून शेवटी जाते. क्रम असा बदलतो. लेक्चर ज्या क्रमाने बोललं जातं तो शिकवण्याचा क्रम असतो. तुमच्या पानावर उत्तराचा क्रम हवा.

मग `?` च्या खुणा. इथे खूण आहे ‘वर एकपेक्षा जास्त, खाली एकपेक्षा कमी’ याच्या पुढे. रेषेचा उतार तर सगळीकडे सारखाच आहे, मग लवचिकता कशी बदलते? नुसतं पाठ करायला ही ओळ सोपी आहे, आणि परीक्षेत ‘का?’ विचारलं की तिथेच अडायला होतं. म्हणून आकडे घालून पाहा. उतार सारखा याचा अर्थ किंमत १ ने वाढली की मागणी दर वेळी १० नेच घटते. आता किंमत १५ वरून १६ केली: १५ मध्ये १ म्हणजे ६.७ टक्के वाढ. मागणी ५० वरून ४०, म्हणजे २० टक्के घट. भागाकार ३. हेच ५ वरून ६ करून पाहा: किमतीत २० टक्के वाढ, मागणी १५० वरून १४०, म्हणजे ६.७ टक्के घट. भागाकार ०.३३. मध्ये १० पाशी दोन्हीकडे १० टक्के, म्हणून बरोबर १. घट तीच १० ची, पण ती कशातून वजा होते आहे ते बदललं, म्हणून टक्के बदलले. ‘का’ चं उत्तर एवढंच होतं, आणि ते डाव्या पानावर दोन ओळींत मावतं.

याच आकड्यांनी कोऱ्या ओळीही भरतात. किंमत गुणिले मागणी म्हणजे महसूल: १५ ला ७५०, १० ला १०००, ५ ला पुन्हा ७५०. किंमत १५ वरून १६ केली तर महसूल ६४० वर येतो. ५ वरून ६ केली तर ८४० वर जातो. म्हणजे वरच्या टोकाला किंमत वाढवणं तोट्याचं, खालच्या टोकाला फायद्याचं, आणि सगळ्यात जास्त महसूल बरोबर मध्ये. पहिल्या ओळीत लिहिलेल्या प्रश्नाचं उत्तर पानावर आलं.

डावं पान आता असं दिसतं: वर प्रश्न, त्याखाली एका वाक्यात उत्तर (‘लवचिकता एकपेक्षा जास्त असेल तर किंमत वाढवल्याने उत्पन्न घटतं, कमी असेल तर वाढतं’), मग सूत्र, मग तीन ओळींचा तक्ता:

```
P     Q     PQ     लवचिकता
15    50    750    3
10    100   1000   1
5     150   750    0.33
```

शेजारी हाताने काढलेली तिरकी रेषा, तिच्यावर हे तीन बिंदू. शेवटी मीठ आणि औषधं, आणि ती अलवचिक का, याचं कारण आपल्या शब्दांत: पर्याय नाही आणि घेतल्याशिवाय चालत नाही. ‘वर, मध्ये, खाली’ हा नियम सरळ रेषेपुरताच आहे ही मर्यादाही तिथेच लिहा. कच्च्या नोट्समधून मर्यादाच सगळ्यात आधी गळते, कारण शिकवताना ती अर्ध्या वाक्यात येऊन जाते.

पान एकच आहे याकडे लक्ष द्या. ५० मिनिटांच्या लेक्चरची कच्ची तीन-चार पानं असतील तर पक्कं दीड-दोन पानांच्या पुढे जाऊ नये. पुढे जात असेल तर तुम्ही उतरवून काढता आहात. आणि अर्ध्या पानात संपत असेल तर बहुतेक ‘का’ गाळले गेले आहेत.

शेवटची दहा मिनिटं उजव्या पानाच्या समासात प्रश्न लिहायला ठेवा. तीन ते पाच, जास्त नकोत. या लेक्चरवर तीन पुरेत: ‘उतार सारखा असूनही लवचिकता का बदलते?’, ‘किंमत १५ वरून १६ केली तर महसुलाचं काय, आणि का?’, ‘अलवचिक मागणीची दोन कारणं कोणती?’ ‘लवचिकता म्हणजे काय?’ हा प्रश्न लिहू नका, त्याचं उत्तर व्याख्या पाठ असली की येतं आणि समजलं की नाही ते कळत नाही. पुस्तकात बघूनही एखादी `?` सुटली नाही, तर ती वहीच्या शेवटच्या पानावर तारखेसह लिहा आणि पुढच्या तासाआधी विचारा. विचारताना ‘कळलं नाही’ म्हणण्यापेक्षा ‘इथपर्यंत कळलं, ही पायरी कशी आली?’ असं विचारलं की उत्तर नेमकं मिळतं.

टाइप करणाऱ्यांसाठी पायऱ्या याच, फक्त एक बदल आहे आणि तो महत्त्वाचा. कच्ची फाइल उघडी ठेवून तिच्यातच कापा-चिकटवा करू नका. वर्गातली लांबलचक वाक्यं तशीच नव्या जागी जाऊन बसतात आणि काम झाल्याचा नुसता भास होतो. कच्ची फाइल एकदा वाचा, बंद करा आणि पक्कं पान कागदावर हाताने लिहा. मग फाइलच्या तळाशी ‘उत्तर’ या शीर्षकाखाली फक्त ते एक वाक्य आणि प्रश्न टाइप करा, म्हणजे शोधताना सापडतील. वर्गात टायपिंग आणि संध्याकाळी पेन, ही जोडी आम्हाला भरपूर मजकुराच्या विषयांसाठी सगळ्यात बरी वाटते: वर्गात कमी निसटतं, आणि निवड करायची ती घाई नसताना होते.

सकाळची दहा मिनिटं

वही उघडा, डावं पान कोऱ्या कागदाने झाका, उजव्या पानावरचा मजकूरही झाका आणि फक्त समासातले प्रश्न दिसू द्या. उत्तरं मोठ्याने सांगा किंवा रद्दी कागदावर लिहा. मगच कागद काढून ताडून पाहा. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांच्या २००६ मधल्या प्रयोगांत, मजकूर पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत जास्त आठवलं. पण दोन दिवसांनी आणि आठवड्याने पाहिलं, तेव्हा न बघता आठवण्याचा सराव केलेले पुढे निघाले. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, तेच फसवं असतं.

जो प्रश्न अडला त्याच्यापुढे तारीख घाला आणि डाव्या पानावरची त्याची जागा तपासा. एखाद्या पानावरचे निम्मे प्रश्न अडले तर दोष बहुतेक वेळा डाव्या पानाचा असतो: तिथे निष्कर्ष आहे पण कारण नाही. तेवढी एक-दोन ओळींची भर घाला आणि पान मिटा. तारीख घातलेले प्रश्न आठवड्याने पुन्हा, बाकीचे महिन्याने.

दिवसाला चार लेक्चर्स असतील तर

चारही लेक्चर्सना ४० मिनिटं देणं जमत नाही, आणि जमवायला गेलात तर तिसऱ्या दिवशी सगळंच सुटतं. पहिली दहा मिनिटं मात्र प्रत्येक लेक्चरला द्या. दोन तास लागोपाठ असतील तर मधल्या सुट्टीत पाच-पाच. संध्याकाळची पूर्ण बैठक दोनच लेक्चर्सना द्या: ज्यात `?` सगळ्यात जास्त आहेत त्याला, आणि ज्याच्या पायावर पुढचं लेक्चर उभं राहणार आहे त्याला. उरलेल्या दोघांसाठी डाव्या पानावर लेक्चरचा प्रश्न, एक वाक्यातलं उत्तर आणि समासात तीन प्रश्न. प्रत्येकी दहा मिनिटांत होतं. ती डावी पानं अर्धी रिकामी राहतील, राहू द्या. परीक्षेआधी पुस्तक वाचताना भर घालायला तीच जागा लागते.

एखाद्या दिवशी चोवीस तास उलटूनच गेले, तर जुनी पानं क्रमाने भरत बसू नका. आजच्या लेक्चरपासून सुरू करा. मागच्या पानांवर फक्त समासातले प्रश्न लिहा, आणि ज्या ओळीचा अर्थ आता लागत नाही तिच्याभोवती चौकट काढून ठेवा. ती ओळ अंदाजाने पुरी करू नका. आठवड्याने पुरी केलेली ओळ ही बहुतेकदा तुमची कल्पना असते, आणि वहीत एकदा शाईने उतरली की ती सरांनीच सांगितली होती असं वाटायला लागतं.